अर्जासोबतचे पत्र

आमच्या धंद्यात सोबतच्या पत्राला फारशी किंमत नसते. बेदाण्याचा किंवा हळदीचा कंटेनर बंदरात निघाला की त्याच्याबरोबर इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल अशी कागदांची चळत जाते आणि पाहणारा अधिकारी पेट्या किती, निव्वळ वजन किती, ढोबळ वजन किती एवढेच पाहतो. माल उत्तम आहे, आम्ही प्रामाणिक आहोत, असे पत्र आम्ही जोडले तर तो ते बाजूला ठेवील. सांगली सोडून मी न्हावा शेव्याला आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. या काळात कागद वाचण्याची जी एक सवय लागली, ती गेल्या उन्हाळ्यात अगदी निराळ्याच कामी आली.

माझा भाचा खो-खोचा प्रशिक्षक. कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी, एका मंडळाच्या मैदानावर, त्याने आठ वर्षे मुलामुलींना खेळ शिकवला. सूनबाईंना पनवेलला नोकरी लागली, पोर दोन वर्षांचे, आणि मंडळाचे मानधन कधी वेळेवर येई, कधी महिनोन्महिने येत नसे. तेव्हा त्यालाही इकडे येणे भाग होते. अटल सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे ही दोन्ही जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्यानंतर उलवे आणि द्रोणागिरीच्या बाजूला इमारती भराभर उभ्या राहिल्या. इमारतींमागून शाळा आल्या. अशाच एका नव्या शाळेची शारीरिक शिक्षण शिक्षकाची जाहिरात सूनबाईंनी कापून ठेवली होती. भाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही एवढे कागद करता. हे पत्र जरा नजरेखालून घाला."

पत्र दीड पानांचे होते. पहिल्या परिच्छेदात तो मेहनती, शिस्तप्रिय आणि खेळावर निस्सीम प्रेम करणारा होता. त्यानंतर चौदा ओळींची यादी होती. अमुक वर्षी सतरा वर्षांखालील मुलींचा संघ जिल्ह्यात प्रथम, तमुक वर्षी एकोणीस वर्षांखालील मुलांचा संघ विभागात उपविजेता, राज्यस्तरावर निवडलेले खेळाडू, मिळालेल्या ढाली. शेवटी, संधी मिळाल्यास शाळेचे नाव उज्ज्वल करीन, असे आश्वासन.

मी त्याला विचारले, "या शाळेत वर्ग कितवीपर्यंत आहेत?"

त्याने जाहिरात पुन्हा काढली. नर्सरी ते सातवी.

"म्हणजे तुझ्या यादीतल्या संघांच्या वयाचा एकही मुलगा तिथे नाही. सतरा वर्षांखालचा संघ या शाळेत उभा राहायला अजून तीन-चार वर्षे लागतील. तोवर तू त्यांच्या काय उपयोगाचा, हे या पत्रात कुठे आहे?"

त्याला वाईट वाटले, हे चेहऱ्यावर दिसले. मलाही बोलून झाल्यावर वाटले की जरा कठोर झालो. आठ वर्षांचा घाम त्या चौदा ओळींत होता. पण माल कितीही चांगला असला तरी घेणाऱ्याने मागवलेला तो हाच की दुसराच, हे आधी पाहावे लागते.

इथे वाचकांसाठी एक खुलासा. प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षण शिक्षक हे दोन शब्द आपण घरात सरसकट एकाच अर्थाने वापरतो. शाळा तसे मानत नाही. शिक्षक म्हणून नेमायला बी.पी.एड. ही पदवी पाहिली जाते. माझ्या भाच्याने ती दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून 2017 मध्ये घेतली. प्रशिक्षकाची प्रमाणपत्रे वेगळी. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्याने केला आहे, आणि त्याचा त्याला योग्य अभिमानही आहे. मात्र एकट्या त्या प्रमाणपत्रावर त्याचा अर्ज पुढे सरकला नसता. त्याच्या पहिल्या पत्रात पतियाळा दुसऱ्याच ओळीत होते आणि बी.पी.एड. पार शेवटच्या परिच्छेदात. पत्र चाळणारा लिपिक पहिल्या चार ओळींत पदवी शोधतो. ती दिसली नाही तर खालचे कोण वाचणार?

हा क्रम बदलणे सोपे होते. पुढचा प्रश्न मात्र पत्राच्या गाभ्याचा होता. प्रशिक्षकाकडे येणारी मुले निवडून आलेली असतात. निदान स्वतःहून तरी आलेली असतात. शाळेत वर्गातली सगळी मुले येतात. स्थूल मूल येते, चष्मा सांभाळणारे येते, दम्याचे येते, खेळाचा तास म्हटला की पोटात दुखणारे येते. मी त्याला म्हणालो, "समज, बेचाळीस मुलांचा पाचवीचा वर्ग आहे आणि तास पस्तीस मिनिटांचा आहे. तू त्यांना खो-खो कसा शिकवशील, ते मला सांग."

तो सांगू लागला, तसा मी कागदावर आकडे मांडत गेलो. ही आमची जुनी खोड. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण असतात. त्यांतले आठ चौकोनांत बसतात आणि एक धावतो. बचाव करणारे तिघे-तिघे आत येतात. म्हणजे मैदानावर बारा जण आणि त्यांतले प्रत्यक्ष धावणारे एका वेळी चारच. उरलेली तीस मुले रेषेबाहेर उभी. ती पाहतील, ओरडतील, थोड्या वेळाने एकमेकांच्या वेण्या ओढतील. मैदानावर जाण्यात आणि हजेरीत पाच मिनिटे आणि परतण्यात तीन गेली तर सत्तावीस मिनिटे उरतात. त्या सत्तावीस मिनिटांत बऱ्याच मुलांच्या पायांना हालचालच मिळणार नाही.

तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने माझ्या हातून पेन घेतले. मैदान चाळीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद आहे असे धरून त्याने त्यावर चुन्याच्या सहा लहान पट्ट्या आखल्या, प्रत्येक दहा मीटरची. तीन-तीनच्या दोन रांगा, मध्ये मोकळी जागा. प्रत्येक पट्टीवर सात मुले. चार बसलेली, एक पाठलाग करणारा आणि दोन बचाव करणारी. सात सक बेचाळीस. बाहेर कोणी उरला नाही. खांब अजिबात नाहीत, कारण नवशिके मूल खांबाकडे धावताना मान मागे वळवते आणि तोंडावर आदळते. खांबाच्या जागी फक्त चुन्याची खूण. दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या. समजावून सांगण्यात पाच मिनिटे गेली तरी दहा पाळ्या सहज होतात. प्रत्येक पाळीत सातांपैकी तिघे धावतात, म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला धावण्याच्या चार पाळ्या येतात. पूर्वी एका वेळी चार मुले धावत होती, आता अठरा.

"आणि तू कुठे उभा राहणार?" मी विचारले.

"कडेला," तो लगेच म्हणाला. "मध्ये उभे राहिले तर निम्म्या मुलांकडे पाठ होते. कडेला उभे राहून फिरत राहिले की सहाही पट्ट्या नजरेत राहतात."

हे उत्तर त्याने विचार न करता दिले. त्याला काम येते, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने पटले. ढालींच्या यादीने ते पटले नव्हते. या पद्धतीचा तोटाही त्यानेच सांगितला. अशा तासात खेळाचे कौशल्य घोटून घेता येत नाही. खो देताना हात पाठीला नेमका कुठे लागला, उठताना पाय रेषेवर पडला का, हे सहा ठिकाणी एकटा माणूस पाहू शकत नाही. ज्यांना खेळ पुढे न्यायचा आहे, त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावरचा वेगळा वेळ लागेल.

त्या वेगळ्या वेळेवरून बोलणे त्याच्या जुन्या हजेरीवह्यांकडे वळले. आठ वर्षांच्या आठ वह्या त्याने पिशवीत आणल्या होत्या. कोणी मागितल्या नव्हत्या. टाकवत नव्हत्या म्हणून आणल्या होत्या. मी त्या उघडल्या. कोण केव्हा आले आणि कोण केव्हा यायचे थांबले, हे तारखेनिशी त्यात होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची नावे आषाढ-श्रावणानंतर एकेक करून गळत होती. कारणे त्यानेच समासात पेन्सिलीने लिहिली होती. घरी परतताना अंधार पडतो. कपडे बदलायला आडोसा नाही. आपल्या समाजातल्या दोन मुलांपुढे लिहिले होते, सूर्यास्तापूर्वी जेवण. सराव सायंकाळी साडेसातला संपत असे. आपल्या घरांत त्याचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको. चौथ्या वर्षी त्याने मुलींचा आणि लहान मुलांचा सराव सकाळी सहावर नेला आणि मंडळाच्या सामानाच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली. पाचव्या वर्षीच्या वहीत श्रावणानंतरची पाने भरलेली आहेत.

"हे पत्रात का नाही?" मी विचारले.

"त्यात काय सांगायचे, मामा? ते तर हजेरीचे."

या टप्प्यावर पत्र जवळजवळ सुचले होते. पण त्या वह्यांतल्या सातव्या वहीत एक पान दुमडलेले होते आणि ते मी पाहू नये असे त्याला वाटत होते, हे त्याच्या हाताच्या हालचालीवरून कळले. मी विचारले नाही. रात्री जेवणानंतर त्याने आपणहून सांगितले.

जिल्ह्याच्या उपांत्य सामन्याआधी, अंग गरम करताना, त्याच्या संघातल्या एका मुलीचा घोटा मुरगळला. तिने खेळते म्हटले. त्याने गार फवारा मारला, पट्टी आवळली आणि तिला उतरवले. ती संघातली सर्वांत चपळ बचावपटू होती, आणि जिंकले तर संघ विभागात जाणार होता. दुसऱ्या पाळीत ती पडली ती उठली नाही. घोट्याचा अस्थिबंध फाटला होता. तिचा सारा हंगाम गेला. तिच्या वडिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "मला फोन का केला नाहीत?"

त्यानंतर तो डॉक्टरांकडे बसून शिकला. घोटा मुरगळल्यावर दोन गोष्टी पाहायच्या. मूल आधाराशिवाय चार पावले टाकू शकते का. आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची टोके व त्यांची मागची कड दाबली असता नेमके हाडावर दुखते का. पावले टाकता आली नाहीत किंवा हाडावर दुखले, तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढे काही नाही. पण चार पावले टाकली म्हणजे मूल खेळायला मोकळे झाले असाही अर्थ नाही. ती खूण फक्त हाड मोडल्याच्या संशयापुरती आहे. अस्थिबंध फाटला असतानाही मूल लंगडत चालू शकते, आणि ती मुलगी चालली होतीच. म्हणून त्याने स्वतःपुरता नियम केला की मुरगळलेले मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, मग सामना कोणताही असो. पालकांना फोन आधी, बाकी सारे नंतर. आणि काय झाले, केव्हा झाले, काय केले, हे त्याच दिवशी वहीत. दुमडलेले पान त्या नियमाचे पहिले पान होते.

हे पत्रात लिहावे का, यावर आमच्या घरात दोन दिवस मतभेद होते. सूनबाई म्हणाल्या, "मामा, आपणच आपल्या हाताने असे लिहिले तर ते लोक पत्र बाजूलाच ठेवतील. दुसरे दहा जण काही लिहिणार नाहीत." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मला माझा अनुभव आठवत होता. एखादी पेटी भिजलेली असेल आणि ती आपण आधी दाखवली तर अडकते ती तेवढी एक पेटी. तीच पाहणीत सापडली तर सगळा कंटेनर उघडला जातो. पण शाळा म्हणजे बंदर नव्हे. पत्र म्हणजे कबुलीजबाबही नव्हे. त्या मुलीचे, गावाचे, सामन्याचे नाव येता कामा नये. ती तिची गोष्ट आहे, हिला नोकरीच्या अर्जात वापरायचा आम्हाला अधिकार नाही. शेवटी ठरले की दोनच वाक्ये लिहायची. निर्णय भाच्याचा होता. मी फक्त लांबी कमी केली.

पत्र आधी मराठीत लिहिले. शाळा इंग्रजी माध्यमाची, तेव्हा सूनबाईंनी नंतर त्याचे इंग्रजी केले. मराठी मसुदा असा होता :

माननीय मुख्याध्यापक महोदय,

आपल्या शाळेच्या शारीरिक शिक्षण शिक्षक या पदाच्या जाहिरातीस अनुसरून हा अर्ज करीत आहे. मी बी.पी.एड. (2017) असून पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रशिक्षक प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. गेली आठ वर्षे एका तालुका मंडळात खो-खोचे प्रशिक्षण दिले. संघांच्या यशाची यादी स्वतंत्र पानावर जोडली आहे.

आपल्या शाळेत सध्या सातवीपर्यंत वर्ग आहेत, म्हणून मी प्रथम वर्गातील प्रत्येक मुलाच्या तासाचा विचार केला आहे. बेचाळीस मुलांच्या वर्गाला पस्तीस मिनिटांत एकही मूल रेषेबाहेर उभे न राहता खो-खो कसा खेळवता येईल, याचा आराखडा सोबत आहे. पावसाळ्यात भरावाच्या जमिनीवरील मैदान निसरडे होते. त्या महिन्यांसाठी सभागृहात किंवा ओसरीत दोरीवरच्या उड्या, तोल आणि लवचिकतेचे व्यायाम घेता येतील. खेलो इंडियाच्या शारीरिक क्षमता चाचण्या मी वर्षारंभी व वर्षअखेर घेईन. मुलाचे वजन किंवा निकाल वर्गात वाचून दाखवणार नाही. तो पालकांना कळवीन.

मंडळात तेरा-चौदा वर्षांच्या मुली खेळ सोडतात, हे हजेरीवरून लक्षात आल्यावर मी सरावाची वेळ सकाळी नेली आणि कपडे बदलण्याची सोय करून घेतली. त्यानंतर त्या टिकल्या. आपल्याकडे शाळेनंतरचा सराव ठेवायचा झाल्यास त्याची वेळ पालकांना विचारून ठरवावी, अशी विनंती करीन.

एका सामन्यात दुखावलेल्या खेळाडूला खेळू देण्याची चूक माझ्याकडून झाली आणि तिला त्याची किंमत मोजावी लागली. तेव्हापासून दुखापत झालेले मूल त्या दिवशी पुन्हा उतरत नाही, पालकांना लगेच कळवले जाते आणि नोंद त्याच दिवशी होते. ही नोंदवही मी मुलाखतीस आणू शकेन.

कुटुंब पनवेलला आले असल्याने मी जूनपासून रुजू होऊ शकतो. पोलीस पडताळणीसाठी लागणारी कागदपत्रे तयार आहेत.

आपला विश्वासू,

एवढेच. एका पानात बसले. मेहनती, शिस्तप्रिय, निस्सीम हे तिन्ही शब्द गेले, आणि ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. खेलो इंडियाच्या चाचण्यांत धाकट्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे आणि ताटल्यांवर झपाट्याने हात टेकवणे असते. नऊ वर्षांपुढच्यांसाठी पन्नास मीटर धावणे, सहाशे मीटर धावणे किंवा चालणे आणि बसून पुढे वाकणे वगैरे. हे सारे पत्रात घालण्याचा मोह भाच्याला झाला होता. मी म्हटले, ते मुलाखतीत विचारतील तेव्हा सांग.

एक गोष्ट मी मुद्दाम गाळायला लावली. मंडळाने मानधन थकवल्याचा उल्लेख त्याने दोनदा लिहून दोनदा खोडला होता. तक्रार खरी होती. पण ज्याच्याकडे आपण काम मागतो त्याला आपल्या जुन्या वसुलीशी कर्तव्य नसते. आपल्यापैकी ज्यांनी बाजारात उधारी सोसली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

रविवारी रात्री अर्ज ईमेलने गेला. त्यानंतरचे नऊ दिवस सूनबाई माझ्याशी जरा कमीच बोलत होत्या, आणि खरे सांगायचे तर मलाही ती दोन वाक्ये रात्री आठवत. आपण एका तरुण संसाराशी आपल्या तत्त्वाचा प्रयोग तर केला नाही ना, असे वाटे. दहाव्या दिवशी भाच्याला शाळेतून फोन आला तेव्हा तो माझ्या कार्यालयातच बसला होता. बाहेर ट्रेलरांची रांग होती, म्हणून त्याने एका कानावर हात दाबून धरला होता. गुरुवारी सकाळी साडेनऊला यावे, आधी पाचवीच्या वर्गावर एक तास घेऊन दाखवावा, मग मुलाखत, आणि येताना ती नोंदवही घेऊन यावे, असे तिकडून सांगितले.

तो हो म्हणाला, आभार मानले आणि फोन ठेवण्याआधी विचारले, "मॅडम, वर्गात मुले किती आहेत? आणि मैदानावर चुना मिळेल का?"